निवेदक खोटे बोलत असेल, तर खेळाने खरे बोलावे का? (‘हर स्टोरी’, शोधपेटी आणि आमची अडचण)

रामबागकर (इंदूर)

सुरुवातीलाच सूचना: या धाग्यात ‘हर स्टोरी’, ‘बायोशॉक’, ‘सायलेंट हिल २’ आणि ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ या खेळांची रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना ते स्वतः खेळायचे आहेत त्यांनी इथेच थांबावे.

इंदुरात आम्ही चौघे मित्रमैत्रिणी मिळून एक छोटा मराठी कथाप्रधान गेम तयार करत आहोत. रामबागेतला एक जुना वाडा, त्याच्या वाटणीचा रखडलेला दावा, आणि वाड्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींनी कॅसेटवर बोलून ठेवलेली हकिकत असा त्याचा विषय आहे. खेळाडूला त्या कॅसेटींचे लहान लहान तुकडे ऐकायला मिळतात. आजी पुष्कळसे खरे सांगतात, पण सगळे खरे सांगत नाहीत. त्यांचे धाकटे दीर ‘पहाटेच्या गाडीने खांडव्याला आणि तिथून मुंबईला गेले’ असे त्या ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात ते वाड्याबाहेर पडलेच नव्हते.

रचनेचा नमुना म्हणून आम्ही सॅम बार्लो यांचा २०१५ सालचा ‘हर स्टोरी’ समोर ठेवला आहे. त्यात १९९४ मध्ये पोलिसांनी एका स्त्रीच्या घेतलेल्या सात मुलाखती २७१ तुकड्यांत कापून ठेवलेल्या आहेत. पोलिसांचे प्रश्न नाहीत, फक्त तिची उत्तरे आहेत. आपण जुन्या संगणकाच्या शोधपेटीत एखादा शब्द टाकायचा, तो शब्द ज्या तुकड्यांत उच्चारला गेला असेल ते तुकडे समोर येतात, परंतु तारखेच्या क्रमाने फक्त पहिले पाच. माझ्या मते त्या खेळाची सगळी करामत या पाचाच्या मर्यादेत आहे. नवऱ्याचे नाव टाकले की पहिल्या एकदोन मुलाखतींतले तुकडेच वर येतात, कारण त्या आधीच्या आहेत. ज्या मुलाखतींत हकिकत उलटते त्या खाली दबून राहतात. कुलूप कुठेच नाही. योग्य शब्द ठाऊक असेल तर पहिल्याच मिनिटाला शेवटचा तुकडा उघडता येतो, पण तो शब्द ठाऊक होण्यासाठी आधीचे बरेच काही ऐकावे लागते.

आणि ज्या गोष्टीवर मला इथे चर्चा हवी आहे ती ही: एकूण किती तुकडे सापडले हे शोधपेटी स्पष्ट सांगते, आणि त्यांतले पहिले पाचच पाहता येतील हेही सांगते. म्हणजे ती स्त्री आपल्यापासून काय लपवते आहे हे आपल्याला कळत नाही, पण यंत्र किती लपवते आहे हे मात्र आकड्यात कळते. खोटे बोलणाऱ्या निवेदकाच्या खाली असा एक थर प्रामाणिक ठेवणे आवश्यक आहे का, की पडद्यावरची प्रत्येक गोष्ट अविश्वसनीय करता येईल? आमच्या चौघांत यावर एकमत नाही.

---

भिडू_विजयनगर

प्रामाणिक थराची अट मला मान्य नाही. ‘बायोशॉक’ (२००७) घ्या. त्यात अ‍ॅटलास नावाचा माणूस रेडिओवरून आपल्याला मार्ग दाखवतो. पडद्यावर कामे लिहून येतात आणि दिशा दाखवणारा बाण त्याच कामांकडे वळतो. पुढे उघड होते की अ‍ॅटलास मुळात फ्रँक फोंटेन आहे, आणि ‘वुड यू काइंडली’ हे शब्द ऐकले की आपले पात्र, म्हणजे जॅक, सांगितलेले काम करतेच, असे त्याला लहानपणीच घडवलेले आहे. म्हणजे कामांची यादी आणि बाण हेही खोटेपणात सामील होते. ज्या गोष्टीवर खेळाडू डोळे मिटून विश्वास ठेवतो तीच फिरवली, म्हणून तो धक्का लोकांच्या अजून लक्षात आहे. आजींच्या कॅसेटींबरोबर तुमची शोधपेटीही खोटी करा. परिणाम दुप्पट होईल.

---

कळफलक

भिडू, उदाहरण योग्य आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. ‘बायोशॉक’मधला बाण ज्या दाराकडे दाखवतो ते दार तिथेच असते. काम केले की ते पूर्ण झाल्याची नोंद होते. बंदुकीत सहा गोळ्या दिसत असतील तर सहाच असतात. त्या पडद्याने तथ्य एकदाही चुकीचे सांगितले नाही. चुकीचा होता तो हेतू, आणि हेतू सांगणारा आवाज अ‍ॅटलासचा होता. खेळाडूने कामांची यादी ही ‘खेळाची’ समजली. ती एका पात्राची होती. लपवलेली गोष्ट एवढीच, की या यादीचा लेखक कोण.

शिवाय तेही पुरते लपवलेले नव्हते. अगदी आरंभी, विमानात, जॅकच्या हातात आईवडिलांनी दिलेली भेट असते आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत तेच शब्द असतात. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ते दिसतात आणि त्याची खात्री पटते की आपल्याला फसवले ते नियम पाळून. ‘दुसऱ्या खेपेला काय दिसते’ ही मला या प्रकारच्या रचनेची सर्वांत भरवशाची कसोटी वाटते. पहिल्या खेपेला साधे वाटलेले वाक्य दुसऱ्या खेपेला दोन अर्थांनी ऐकू आले पाहिजे, आणि दोन्ही वेळा ते वाक्य तेच असले पाहिजे.

त्या खेळाची खरी उणीव पुढे आहे. शहराचा संस्थापक रायन याच्या खोलीतल्या प्रसंगात खेळाडूच्या हातातून सूत्रे काढून घेतली जातात आणि जॅक गोल्फच्या काठीने रायनला मारतो. इथवर सर्व सुसंगत आहे. पण रहस्य उघड झाल्यावर टेनेनबाम ही शास्त्रज्ञ बोलू लागते, तिचीही कामे तशाच यादीत येतात, बाण तसाच दिसतो, आणि नकार द्यायची सोय तेव्हाही नसते. यादीचा लेखक बदलला, यादीशी असलेले आपले नाते बदलले नाही. पडद्यावरची सोय एकदा कथेत ओढली की शेवटपर्यंत तिची जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती फार महागात पडते. तुम्ही चौघेच आहात हे लक्षात ठेवा.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

माझा अनुभव सांगतो, कारण तो याच मुद्द्यावरचा आहे. महाविद्यालयात असताना आमच्या गटाने एक खेळ केला होता. नायकाची स्मृती ढासळत चालली आहे हे दाखवण्यासाठी नकाशातली एक गल्ली खेळाच्या मध्यावर नाहीशी होत असे. ज्यांनी तो खेळून पाहिला त्यांच्यापैकी कोणीही ‘नायक विसरत चालला आहे’ असे म्हटले नाही. सर्वांनी ‘नकाशात बिघाड आहे’ अशी तक्रार लिहून दिली. काहींनी पुढे खेळणे थांबवले, कारण आपली आधीची प्रगती नीट जपली गेली नाही असे त्यांना वाटले.

पुस्तकात चुकीचे वाक्य आले तर वाचक ते निवेदकाच्या माथी मारतो. खेळात चूक दिसली की ती कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या माथी जाते. आमच्यासारख्या नवख्यांच्या खेळात तर आधी जातेच. शोधपेटी खोटी करायची असेल तर याचा विचार व्हावा.

---

स्नेहलता_जो (इंदूर)

मी स्वतः खेळत नाही. भाचा खेळतो तेव्हा शेजारी बसून पाहते, आणि ते पाहणे मला आवडते. मी शाळेत मराठी शिकवत असे. तुमच्या प्रश्नात मला मुळातच एक शंका आहे. आजी खोटे बोलतात, हे ठीक. पण कथेत खोटे बोलणारी पात्रे असायचीच. खलनायक खोटे बोलतो, दुकानदार खोटे बोलतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तर घराण्याच्या अब्रूसाठी अर्ध्या गोष्टी पोटात ठेवूनच जगल्या. त्यात खेळाच्या रचनेचा वेगळा प्रश्न कुठे येतो? आजींना असे बोलायला लावणारे कारण भक्कम असले की पुरे, असे मला वाटते.

---

रामबागकर

स्नेहलताताई, कारण भक्कम हवेच, आणि आजींच्या बाबतीत ते आहे. फरक असा आहे की दुकानदार खोटे बोलला तर त्याचे खोटे तपासायला आपल्याजवळ स्वतःचे डोळे असतात. आजींच्या कॅसेटी सोडून खेळाडूजवळ दुसरे काहीच नाही. वाडा कसा होता, विहीर कुठे होती, कोण कधी गेले, हे सर्व त्याला आजींच्याच तोंडून कळणार. ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो तोच जेव्हा झाकतो, तेव्हा झाकलेले आहे हे कळायला दुसरी वाट लागते, आणि ती वाट आम्हाला बांधावी लागते.

लष्करवाला यांचा अनुभव वाचून माझे मत एका बाजूला झुकले. शोधपेटी आम्ही खरीच ठेवणार. आता पुढची अडचण. पाचाची मर्यादा जशीच्या तशी घेतली तर काही तुकडे कोणत्याही शब्दाने वर येणारच नाहीत, अशी भीती वाटते. ते ओळखायचे कसे? प्रत्येक शब्द हाताने टाकून पाहणे शक्य नाही.

---

कळफलक

हाताने पाहायची गरज नाही. सर्व तुकड्यांचा मजकूर तारखेच्या क्रमाने `clips` नावाच्या यादीत घ्या, विरामचिन्हे आधी काढून टाका, आणि हे चालवा:

```python
LIMIT = 5
index = {}
for n, text in enumerate(clips):
    for w in set(text.split()):
        index.setdefault(w, []).append(n)

reach = {n for hits in index.values() for n in hits[:LIMIT]}
print([n for n in range(len(clips)) if n not in reach])
```

शेवटी जे क्रमांक छापले जातील ते तुकडे एका शब्दाने कधीही सापडणार नाहीत. बहुधा ते लहान तुकडे असतील, ‘हो, तेच सांगते’ अशा प्रकारचे, ज्यांतला प्रत्येक शब्द आधीच्या पाच ठिकाणी येऊन गेलेला आहे. अशा तुकड्यात एखादा वेगळा शब्द आजींच्या तोंडी घालावा लागतो, किंवा दोन शब्द एकत्र टाकून शोधण्याची सोय द्यावी लागते.

पण ही चाळणी ढोबळ आहे. एखादा तुकडा ‘किरमिजी’ या शब्दाने सापडतो एवढे पुरेसे नाही. खेळाडूला ‘किरमिजी’ टाकण्याची बुद्धी कशाने व्हावी? म्हणून दुसरी फेरी घ्या. आरंभीच्या शब्दाने जे पाच तुकडे मिळतात त्यांतलेच शब्द घ्या, त्यांनी जे नवे तुकडे मिळतात त्यांतले शब्द घ्या, आणि असे पुढे जात राहा. या वाटेने जो तुकडा येत नाही त्याच्यापर्यंत पोचायला खेळाडूला केवळ अंदाज बांधावा लागेल. ‘हर स्टोरी’ सुरू होतो तेव्हा शोधपेटीत ‘खून’ या अर्थाचा शब्द आधीच टाकलेला असतो. पहिला दोरा हातात दिलेला असतो. तुम्हीही पहिला शब्द द्यावा.

मराठीत याहून मोठी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती चालवून पाहिल्यावर तुमच्या लक्षात येईल.

---

रामबागकर

चालवून पाहिले आणि अडचण लगेच समोर आली. ‘विहीर’ हा आमच्या कथेचा कळीचा शब्द. तो टाकला तर एकच तुकडा आला. कारण आजी ‘विहीर’ असे क्वचितच म्हणतात. त्या ‘विहिरीवर’, ‘विहिरीत’, ‘विहिरीपाशी’ असे म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीची अक्षरे जुळवून शोधावे तर तेही जमत नाही, कारण मूळ शब्दातली ‘ही’ दीर्घ आहे आणि विभक्ती लागली की ती ऱ्हस्व होते. ‘कंदील’ आणि ‘कंदिलाची’ यांचे तसेच. खेळाडू बरोबर शब्द टाकतो आणि यंत्र ‘एकच तुकडा सापडला’ म्हणते. म्हणजे प्रामाणिक ठेवायचा थर नकळत खोटे बोलू लागतो, आणि तेही आम्ही ठरवलेले नसताना.

तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक तुकड्याखाली त्यातल्या नामांची आणि क्रियापदांची मूळ रूपे हाताने लिहिली. मग ‘विहीर’ अकरा तुकड्यांत निघाली. त्यांतले पहिले पाच निरुपद्रवी आहेत: पाणी भरणे, धुणे, मुलांना काठावर जाऊ न देणे. आठव्यात खरी गोष्ट आहे, आणि ती या शब्दाने वर येत नाही.

तिथे पोचायची आम्ही ठेवलेली वाट अशी आहे. पहिला दिलेला शब्द ‘वाटणी’. त्याच्या तुकड्यांत आजी ‘भाऊजी’ हा शब्द वारंवार उच्चारतात. ‘भाऊजी’ टाकले की गाडीची हकिकत येते, आणि तिच्यातच जाता जाता एक वाक्य येते: ‘आमचा कंदील भाऊजींनी नेला तो नेलाच.’ ‘कंदील’ फक्त तीन तुकड्यांत आहे. त्यांतला शेवटचा म्हणजे विहिरीचा तो आठवा तुकडा, ज्यात आजी दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना म्हणतात की सकाळी कंदिलाची काच विहिरीच्या काठावरून वेचावी लागली, मुले अनवाणी फिरत. दोन्ही वाक्ये त्या अगदी सहज बोलतात. कुठेही थांबत नाहीत, आवाज बदलत नाहीत. विसंगती खेळाडूने जुळवायची.

---

भिडू_विजयनगर

ही कंदिलाची वाट फार चांगली आहे, आणि माझा आधीचा आग्रह मी सोडतो. पण हाताने मूळ रूपे लिहिण्याबद्दल मला गंभीर हरकत आहे. तुम्ही कोणते शब्द नोंदवायचे हे ठरवाल, तेव्हा खेळाडूने काय शोधावे हेही तुम्हीच ठरवाल. ‘हर स्टोरी’त मला सर्वांत आनंद झाला तो असा शब्द टाकताना, जो लेखकाच्या मनातही नसेल असे मला वाटले. कोणीतरी ‘काच’ टाकेल, कोणी ‘अनवाणी’ टाकेल. तुमच्या यादीत तो शब्द नसेल तर यंत्र ‘काही सापडले नाही’ म्हणेल, आणि ते उघड खोटे असेल, कारण आजी तो शब्द बोललेल्या आहेत.

---

कळफलक

भिडूंची हरकत रास्त आहे. मी असे करीन: निवडक शब्द नको, तुकड्यांत आलेला प्रत्येक शब्द एका तक्त्यात घ्या आणि त्याच्यासमोर मूळ रूप लिहा. तुमच्या खेळाएवढ्या मजकुरात वेगळ्या शब्दरूपांची संख्या काही हजारांत जाईल. काम कंटाळवाणे आहे, परंतु एकदाच करायचे आहे. विभक्ती आपोआप काढणारी साधने वापरून कच्ची यादी करता येईल, पण ती डोळ्यांखालून घालावीच लागेल, कारण ‘काठावर’मधला ‘वर’ काढायचा आणि ‘सावर’मधला ठेवायचा, हे त्यांना नेहमी कळत नाही. खेळाडूने टाकलेल्या शब्दालाही तोच तक्ता लावा, म्हणजे त्याने ‘विहिरीत’ टाकले तरी चालेल.

मूळ रूपांवर शोध नेल्याने पाचाची मर्यादा अधिक घट्ट होते, हेही ध्यानात घ्या. इंग्रजी मजकुरात शब्द फारसा रूपे बदलत नाही, तेव्हा नेमका उच्चारलेला शब्द शोधणे पुरते. तुमच्याकडे अनेक रूपे एका मुळाखाली येतील, प्रत्येक मुळाखालची गर्दी वाढेल, आणि उशिराचे तुकडे आणखी खोल जातील. त्यामुळे तक्ता झाल्यावर ती चाळणी पुन्हा चालवा.

---

स्नेहलता_जो (इंदूर)

आता तुमचा प्रश्न मला नीट कळला. मला एक विचारायचे आहे. ऐकणारा कोण आहे? आजी कोणाशी बोलत आहेत?

---

रामबागकर

ताई, ते आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवले आहे. ‘हर स्टोरी’त आपण कोण म्हणून त्या संगणकासमोर बसलो आहोत हे उशिरा उलगडते, दिवा लुकलुकला की पडद्यावर एका चेहऱ्याचे प्रतिबिंब क्षणभर दिसते, आणि शेवटी कळते की बघणारी ही त्या स्त्रीचीच मुलगी आहे. आमच्याकडेही खेळाडूला आरंभी वाटेल की आपण आजींचे नातवंड आहोत. नातू की नात, हेही सांगायचे नाही. प्रत्यक्षात या कॅसेटी दाव्याच्या वेळी वकिलांसाठी बोलून ठेवलेल्या असतात, आणि म्हणूनच आजी जपून बोलत असतात.

---

स्नेहलता_जो (इंदूर)

मग मराठी तुम्हाला ते लपवू देणार नाही. आजी नातवंडाला ‘तू’ म्हणतील, आणि ‘तू विचारतोस’ म्हटले की नातू, ‘तू विचारतेस’ म्हटले की नात. ‘तू विचारलेस’ या रूपात लिंग कळत नाही हे खरे, पण संपूर्ण कथा अशाच वाक्यांवर ओढून नेलीत तर ती बोलणे वाटणार नाही. उलट आजी ‘तुम्ही विचारता’, ‘तुम्ही आलात’ असे म्हणत असतील, तर लिंग झाकले जाते, पण दुसरेच काहीतरी उघडे पडते. आमच्या घरांत कोणतीही आजी नातवाला ‘तुम्ही’ म्हणत नाही. ऐकणारा कान असेल तर पहिल्याच कॅसेटीत त्याला कळेल की समोर घरचे माणूस नाही.

ही अडचण समजू नका असे माझे म्हणणे आहे. तुम्हाला हवी असलेली खूण हीच आहे. आजींनी सुरुवातीपासून ‘तुम्ही’च म्हणावे आणि त्याकडे कोणीही लक्ष वेधू नये. खेळाडू स्वतःला नातवंड समजून ऐकत राहील आणि त्याला काहीतरी परके वाटत राहील. शेवटी वकिलांचे नाव निघेल तेव्हा प्रत्येक ‘तुम्ही’ आपोआप जागेवर बसेल. खोटे एकही वाक्य लिहावे लागणार नाही.

---

कळफलक

ताईंनी सांगितले ते दुसऱ्या खेपेच्या कसोटीला पूर्ण उतरते. एकच धोका आहे. खेळाच्या सूचना, म्हणजे ‘शब्द टाका’, ‘ऐका’ वगैरे, त्यांतही खेळाडूला ‘तुम्ही’च म्हटलेले असेल तर आजींचे ‘तुम्ही’ त्यात मिसळून जाईल आणि कोणालाच खटकणार नाही. सूचनांमध्ये संबोधनच ठेवू नका. ‘शोध’, ‘ऐकणे’, ‘मागे’ असे नुसते शब्द पुरेत.

एक भर घालतो. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) या खेळाचे लेखक वॉल्ट विल्यम्स यांनी सांगितले आहे की त्यात प्रसंग संपताना पडदा साधारणपणे काळा होतो, पण जिथे नायकाला भास होत असतो तिथे तो पांढरा होतो. खेळताना हे कोणी मुद्दाम मोजत नाही. पण नियम आहे आणि तो पाळलेला आहे. तुमच्याकडे कॅसेट आहे. रेकॉर्डरचे बटण दाबून ध्वनिमुद्रण थांबवले आणि पुन्हा सुरू केले की एक खटका ऐकू येतो. आजी जिथे काही गाळतात तिथेच तो खटका ठेवा आणि इतरत्र कुठेही ठेवू नका. आजी लपवतील, टेप लपवणार नाही.

‘सायलेंट हिल २’ (२००१) मधले पत्र मला याच कारणाने आवडते. मेलेल्या बायकोचे पत्र आले म्हणून जेम्स त्या गावात येतो. ते पत्र त्याच्या सामानात असते, केव्हाही काढून वाचता येते. खेळ पुढे सरकतो तसा त्यावरचा मजकूर नाहीसा होतो, आणि शेवटी पत्रही उरत नाही. कोणी काही बोलत नाही. सामान उघडून पाहणाऱ्यालाच ते दिसते. लष्करवाला यांच्या गल्लीत आणि या पत्रात फरक एवढाच की पत्र नाहीसे झाले तरी खेळाडूची वाट अडत नाही, म्हणून ते त्याला बिघाड वाटत नाही.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

बिघाडाचा धोका खटक्यालाही आहे. ध्वनिमुद्रण घरी केले आहे हे खेळाडूला जाणवेलच. दोन खटके ऐकून तो म्हणेल की यांना तुकडे नीट जोडता आले नाहीत.

---

रामबागकर

ते टाळण्यासाठी खटक्याचा अर्थ आधी शिकवावा लागेल. पहिल्या शब्दाने जे पाच तुकडे मिळतात त्यांतल्या एकात आजी उघडपणे म्हणतील, ‘थांबा, ते बंद करा जरा,’ मग खटका, आणि पुन्हा खटका झाल्यावर त्या वेगळाच विषय काढतील. पुढच्या कॅसेटींत ते वाक्य नसेल, नुसता खटका असेल. कंदिलाची काच वेचल्याच्या वाक्यानंतर असा एक ठेवतो. ‘थांबा’ आणि ‘बंद करा’ यांत ताईंची खूणही आपोआप येते.

चाचणीसाठी आमच्या वाचनकट्ट्यावरच्या काही जणांना बसवणार आहोत. त्यांना खेळ आवडला का हे विचारणार नाही. ठरावीक वेळाने थांबवून तीनच गोष्टी लिहून घेऊ: भाऊजी कुठे आहेत असे वाटते, आजी कोणाशी बोलत आहेत असे वाटते, आणि आतापर्यंतचे कोणते वाक्य खटकले. कंदिलापर्यंत पोचूनही कोणालाच भाऊजींबद्दल शंका आली नाही तर वाट फार झाकली गेली आहे असे समजू. पहिल्या कॅसेटीतच सर्वांनी वकील ओळखला तर ‘तुम्ही’ कमी करावे लागतील.

---

भिडू_विजयनगर

चौथा प्रश्न घाला. ‘विहीर’ टाकल्यावर यंत्र म्हणणार, अकरा सापडले, पाच ऐकता येतील. वाड्याच्या वाटणीच्या कथेत विहीर अकरा वेळा येते हा आकडाच चुगली करतो. मी तर तो पाहून लगेच भाऊजींचे काय झाले हे ओळखले असते. आकडा लपवला तर तुमचा प्रामाणिक थर जातो, दाखवला तर रहस्य जाते.

---

कळफलक

त्यावर एक मार्ग म्हणजे ‘अंगण’, ‘माडी’, ‘देवघर’ हे शब्दही तेवढ्याच वेळा येतील असे लिहिणे. मात्र त्यासाठी नवे तुकडे लिहावे लागतील, आणि त्या तुकड्यांनाही ऐकण्याजोगे काही असावे लागेल. आकडा दाखवावा असेच माझे मत आहे.

---

स्नेहलता_जो (इंदूर)

देवघराचे तुकडे मी लिहून देते. आजींनी तिथे काय लपवले असेल ते मात्र तुम्ही मला आधी सांगा.